आमच्याच बोळातली सात

इस्त्रीवालीची पोर किंचाळली तेव्हा जाळीवाली ओट्यावर पाय पसरून बसली होती. मांडीवर कुत्री पकडायचं जाळं होतं आणि दातात सुतळीचं टोक. जाळ्याचं भोक दोन बोटांपेक्षा मोठं ठेवायचं नाही, नाहीतर कुत्र्याचा पंजा अडकतो आणि हाड मोडतं. हे तिला नवऱ्याने लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात शिकवलं होतं, आणि तेव्हापासून नगरपालिकेचं एकही जाळं दुसऱ्या कुणाच्या हाताने विणलं गेलं नव्हतं. नवऱ्याला सगळं गाव कुत्रेवाला म्हणायचं. त्या हिशोबाने ती कुत्रेवाली व्हायची, पण पहिल्यांदा ज्या बाईने तशी हाक मारली तिला हिने असं काही सुनावलं, की दुसऱ्या दिवसापासून बोळाने मुकाट्याने जाळीवाली म्हणायला सुरुवात केली.

किंकाळी ऐकून ती उठली ती जाळं घेऊनच धावली. समोरच इस्त्रीची गाडी उभी होती आणि तिच्या चाकांमध्ये पोत्यावर तपकिरी कुत्रीने पाच पिल्लं घातली होती. पोरीने पिल्लू उचललं आणि कुत्रीने तिची पोटरी धरली. दोन खोल भोकं पडली होती. इस्त्रीवाली पोरीला कवटाळून नुसतीच बसली होती. बाकीच्या बायकांना मात्र उपायांचा महापूर आला होता. एकीने तिखट आणलं, दुसरीने तेल, तिसरी आपल्याच साडीचा काठ फाडून पट्टी बांधायला बसली.

"हात लावू नका कुणी!" जाळीवाली ओरडली. "बांधू नको गं, सोड ते! नळ सोडा. साबण आणा."

"अहो, रक्त वाहतंय तिचं."

"वाहू दे. सूनबाई, घड्याळ बघ. पंधरा मिनिटं. एक मिनिट कमी नको."

सून सहा महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन दारात आली आणि घड्याळ बघत उभी राहिली. जाळीवालीने पोरीचा पाय सार्वजनिक नळाच्या धारेखाली धरला आणि कपडे धुवायच्या साबणाने घासायला घेतलं. पोर रडून रडून निळी झाली. सातव्या मिनिटाला इस्त्रीवाली म्हणाली, "पुरे हो, धुतलं की!" जाळीवालीने मान वर केली नाही. लाळेतलं जे काही जखमेत गेलं असेल ते पाण्याने आणि साबणाने जितकं जाईल तितकं कशानेच जात नाही, हे नवरा तिला जेवताना, झोपताना, कंटाळा येईपर्यंत सांगत आला होता. कंटाळा आला तरी ऐकलं होतं, हे बरं झालं.

तोवर माणसं काठ्या घेऊन गाडीभोवती जमली. कुत्री पिल्लांवर आडवी होऊन दात विचकत होती. एकाने दगड उचलला, आणि तेवढ्यात कुत्रेवाला जेवण अर्धं टाकून, उष्ट्या हाताने, अनवाणी बाहेर आला.

"मारू नका."

"तू सरक बाजूला. तुझ्याच बहिणी ह्या!"

काहीजण हसले. कुत्रेवाल्याला अशी वाक्यं रोजची होती. तो दगडवाल्याच्या आणि कुत्रीच्या मध्ये जाऊन उभा राहिला. "मारलीत तर ती पिसाळलेली होती का नव्हती हे कसं कळणार? पिसाळलेलं कुत्रं चावलं, तर चावल्यापासून दहा दिवसांत ते मरतंच. दहा दिवस धडधाकट राहिली, तर चावली तेव्हा तिच्या लाळेत रोग नव्हता. ही जिवंत हवी आहे मला. पोरीसाठी हवी आहे."

मग त्याने मागे न बघता हात लांब केला, आणि जाळीवालीने नळावरूनच जाळं फेकलं. ते त्याने हवेत झेललं, गुडघ्यात वाकला, कुत्रीकडे न बघता दुसरीकडेच बघत दोन पावलं आडवा चालला, आणि मनगट असं फिरवलं की जाळं उघडून तिच्यावर अलगद बसलं. धडपड नाही, किंकाळी नाही. एकोणतीस वर्षं बघूनही जाळीवालीला त्या मनगटाचं कौतुक वाटत असे. तोंडावर मात्र ती कधी बोलली नव्हती, कारण कौतुक केलं की पुरुष शेफारतात असं तिचं मत होतं.

दवाखान्यात पोरीच्या दंडावर लस टोचली. पण खरा प्रसंग पुढे होता. जखम खोल म्हणून तिच्यात आणि भोवताली आणखी एका औषधाची सुई अनेक ठिकाणी घालावी लागली. लशीने अंगात ताकद यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर हे औषध जखमेतच राखण करतं, असं परिचारिकेने सांगितलं. पुढच्या सुयांच्या तारखा कार्डावर लिहून दिल्या. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. "कुत्री जगो वा मरो, मधली एकही चुकवायची नाही," असं तिने तीनदा बजावलं.

संध्याकाळी गाव तापलं. नगराध्यक्षांनी चौकात उभं राहून जाहीर केलं, की अकराव्या दिवशी सभा घेऊ, ठराव करू आणि महिन्याच्या आत गावात एक कुत्रं दिसणार नाही. कसं, ते बोलले नाहीत. ते कुणी विचारलंही नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं.

जाळीवालीला मात्र आणखी एक गोष्ट माहीत होती. ती तपकिरी कुत्री या बोळाची नव्हतीच. या बोळाची सात कुत्री होती. सातही ऑपरेशन झालेली, सातही दरवर्षी टोचलेली, सातांच्याही डाव्या कानाला खाच. ऑपरेशनच्या वेळी कुत्रं भुलीत असतानाच डॉक्टरीणबाई कानाचं टोक त्रिकोणी कापतात. लांबून बघितलं तरी कळतं, की याचं काम झालंय, याला पुन्हा पकडू नका. ती सात कुत्री चार वर्षं बोळात होती. पोरांना चावली नव्हती. परक्या कुत्र्याला बोळाच्या तोंडाशी पाय ठेवू देत नव्हती. भुंकायची मात्र भरपूर.

आणि सहा महिन्यांपूर्वी नात जन्मली. सून बाळंतीण, बाळ रडकं, आणि पहाटे डोळा लागावा तर बाहेर सातांची सभा. जाळीवाली नवऱ्याच्या मागे लागली. अहो, वर्षाची सुई द्यायला न्याल ना, तेव्हा परत आणू नका. लांब कुठेतरी सोडा. खाणीकडे सोडा. तो नाही म्हणाला. ज्या जागेवरून उचललं त्याच जागी सोडायचं, हा नियम होता आणि तो त्याने कधी मोडला नव्हता. ती आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी तिने जेवणाचं ताट आपटून वाढलं. दहाव्या दिवशी त्याने सातही कुत्री जुन्या दगडखाणीवर नेऊन सोडली आणि वहीत लिहिलं, 'त्याच जागी सोडली.'

बाळाला शांत झोप लागली. महिन्याभराने बोळाच्या टोकाच्या कचऱ्यापाशी दोन परके नर भांडताना दिसले. मग ही पोटुशी कुत्री आली. सात असती तर तिला गाडीखाली जागा मिळाली नसती.

नवरा त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. बोलला असता, चारदोन शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून दिवस मोजणं सुरू झालं. कुत्रीला पिल्लांसकट पालिकेच्या शेडमध्ये वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं होतं. जाळीवाली विणलेली जाळी पोचवायच्या निमित्ताने रोज तिथे जाऊ लागली. शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर, धुतलेली फरशी आणि चुन्याचा वास. एका बाजूला आज पकडलेली कुत्री उपाशी, कारण भरल्या पोटी भूल देत नाहीत. दुसऱ्या बाजूला ऑपरेशन झालेली, टाके जुळेपर्यंत तिथेच. मध्ये टेबल, आणि टेबलाशी डॉक्टरीणबाई. जेमतेम तिशीची, केस रबरात बांधलेले. दोन बोटं मावतील एवढ्या चिरेतून कुत्रीचा गर्भाशय बाहेर काढायची आणि टाके घालायची. जाळीवालीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला तिच्या गाठी आवडल्या. आपल्यासारख्याच गाठी मारते बाई, घट्ट आणि सारख्या.

"हिचंही उरका ना आता," जाळीवाली तपकिरीकडे बोट दाखवून म्हणाली.

"अंगावर पिणारी पिल्लं आहेत, मावशी. आता नाही. पिल्लं खायला लागली की हिचं ऑपरेशन, आणि पिल्लं मोठी झाली की त्यांचं."

"आणि आज कशी आहे?"

"पाणी पिते, खाते, पिल्लं चाटते. जबडा नीट, चाल नीट. पण दिवस तिसराच आहे."

दिवस तिसराच आहे. ते वाक्य घेऊन जाळीवाली घरी यायची आणि इस्त्रीवालीला सांगायची, "खातेय हो." इस्त्रीवाली तिचा हात धरायची. "तू नसतीस तर मी त्या पायाला तिखट चोपडून बसले असते," असं चारचौघांत म्हणायची. बोळाने जाळीवालीला डोक्यावर घेतलं होतं. तिला ते कौतुक घशाखाली उतरत नव्हतं.

नवऱ्याचे दिवस वाईट चालले होते. पहाटे कुत्री पकडायला गाडी घेऊन निघाला की लोक विचारायचे, "परत आणून सोडायला पकडतोस, मग पकडतोस कशाला?" एका दुकानदाराने बादलीभर पाणी अंगावर उडवलं आणि चुकून उडालं म्हणाला. पाचव्या दिवशी तो भिजलेला घरी आला, शर्ट काढून खुंटीला लावला आणि म्हणाला, "सूनबाई, कागद घे. वर्तमानपत्राला पत्र लिहायचंय."

"तुम्ही?" जाळीवाली म्हणाली. "सरकारी माणसाने पेपरात लिहायचं नसतं. आठ महिने राहिलेत नोकरीचे. एकोणतीस वर्षांत एक डाग नाही, तो आता पाडून घेता का?"

"अध्यक्षांना कुत्री मारायचा हुकूम काढायचा आहे. तो माझ्या हातूनच पाळला जाणार. मला तो पुन्हा पाळायचा नाही."

पहिली अकरा वर्षं तिने पाहिली होती. तेव्हा तो घरी आल्यावर आधी अंगणात हात धुवायचा, तेही पंधरा पंधरा मिनिटं.

सुनेचं अक्षर सुरेख. बाळ मांडीवर झोपवून ती लिहीत गेली आणि कुत्रेवाला भिंतीला टेकून, डोळे मिटून सांगत गेला.

"माननीय संपादक यांस. मी नगरपालिकेत कुत्री पकडतो. पहिली अकरा वर्षं मी कुत्री मारत होतो, तसा हुकूम होता. जाळ्यात धरायचं नाहीतर विष घालायचं, आणि सकाळी गाडी भरायची. अकरा वर्षांत एकही वर्ष गाडी रिकामी गेली नाही. जितकी मारली तितकी पुढच्या वर्षी पुन्हा होती, कारण खाणं होतं तिथेच होतं आणि जागा मोकळी झाली होती. मोकळ्या जागेत परकी कुत्री येतात. ती जागेसाठी भांडतात, माजावर येतात, पिल्लं घालतात, आणि त्यांना कुणी टोचलेलं नसतं. म्हणजे आम्ही ओळखीची कुत्री मारून अनोळखी बोलावत होतो."

"बाबा, थोडं हळू," सून म्हणाली.

"मग हुकूम बदलला आणि डॉक्टर आले. आता आम्ही पकडतो, ऑपरेशन करतो, पिसाळू नये म्हणून लस टोचतो, कानाला खाच पाडतो आणि त्याच जागी सोडतो. मादीला पिल्लं नाहीत म्हणजे पिल्लांसाठी चावणारी आई नाही. दहातल्या सातांना लस असली की रोग पुढे सरकत नाही. एखादं पिसाळलं तरी त्याला पुढे भेटतं ते टोचलेलंच. पण हे अर्धं करून भागत नाही. एका वस्तीत करून दुसरी सोडली तर केलेलं वाया जातं. सगळं गाव एका महिन्यात टोचावं लागेल, दर वर्षी टोचावं लागेल, आणि खाटकाच्या मागचा, खाणावळीमागचा कचरा रोज उचलावा लागेल. मला माणसं कमी पडतात. मला मारायला माणसं देणार असाल तर तीच टोचायला द्या. लहान मूल चावलं गेलं म्हणून लोक रागावले आहेत आणि त्यांचा राग खरा आहे. मूल आधी, कुत्रं नंतर. पण मुलाला वाचवायचा रस्ता हाच आहे, म्हणून लिहितो. ज्यांना चावलं असेल त्यांनी जखम पंधरा मिनिटं साबणपाण्याने धुवावी, काही चोपडू नये, बांधू नये, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावं. आपला, कुत्री पकडणारा."

सुनेने पेन खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्याचा धंदा मैत्रिणींपासून लपवला होता तिने, ते जाळीवालीला माहीत होतं. "बाबा," ती म्हणाली, "शाळेत सुद्धा मला असं कुणी समजावून सांगितलं नव्हतं."

जाळीवाली चुलीपाशी उभी होती. पत्र फार चांगलं होतं. पण तिने प्रत्येक वाक्य ऐकलं होतं आणि जे नव्हतं तेही ऐकलं होतं.

"आणि आपली सात?" ती म्हणाली.

"ती कशाला?"

"मोकळ्या जागेत परकी येतात म्हणालात. कुठल्या मोकळ्या जागेत आली ही? कुणी मोकळी केली?"

"अगं, राहू दे ते."

"माझ्यासाठी राहू देताय."

त्याने पुन्हा डोळे मिटले. म्हणजे तसंच होतं. ताट आपटलेलं तिला आठवलं आणि कानशिलं तापली. या माणसाने उभ्या जन्मात एक खोटी ओळ लिहिली, ती हिच्या तोंडाच्या भीतीने. आणि आता हिला झाकायला पत्र अर्धं ठेवत होता.

"सूनबाई, लिही," ती म्हणाली. "इस्त्रीवालीच्या बोळात टोचलेली, खाच पाडलेली सात कुत्री होती. पाच महिन्यांपूर्वी ती परत न आणता खाणीवर सोडली. बायकोच्या हट्टावरून सोडली. नातीला झोप लागत नव्हती म्हणून. वहीत खोटं लिहिलं. ती सात असती तर ही कुत्री तिथे व्यायली नसती आणि पोर चावली गेली नसती. लिहिलंस?"

"आई, नोकरी जाईल बाबांची."

"लिही म्हणते ना. लोकांना वाटतं खाच पाडलेली कुत्री चावली. म्हणून ती सगळी मारायला निघालेत. खरं काय झालं ते आम्ही दोघं सोडून कुणालाच माहीत नाही." मग तिने स्वतः पेन घेतलं आणि नवऱ्याच्या सहीखाली तीन वाकड्या शब्दांत लिहिलं, 'आणि जाळी विणणारी.'

कुत्रेवाल्याने ते बघितलं. "अक्षर अगदी जाळ्यासारखं आहे तुझं," तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी हसला.

संपादक म्हातारे होते. ते पत्र घेऊन सहाव्या दिवशी स्वतः बोळात आले, नाकावरचा चष्मा सावरत ओट्यावर बसले आणि म्हणाले, "शेवटचा परिच्छेद काढतो. नाहीतर सगळं पत्र 'एक नागरिक' म्हणून छापतो. तुमचं नुकसान नको."

"एक नागरिक काय करतो ते लोकांना माहीत नाही," कुत्रेवाला म्हणाला. "मी काय करतो ते माहीत आहे. आहे तसं छापा."

संपादकांनी पत्राची घडी इतक्या जपून केली की जणू ते त्यांच्याच घरचं होतं.

सातव्या दिवशी सकाळी पत्र येणार होतं. त्याआधीच जाळीवाली इस्त्रीवालीपुढे जाऊन उभी राहिली. पोर तिसऱ्या सुईसाठी तयार होऊन कट्ट्यावर बसली होती. जाळीवालीने सगळं सांगितलं. आडवळण घेतलं नाही. इस्त्री फिरत राहिली. एक बाही झाली, दुसरी झाली, कॉलर झाली.

"मी रोज तुझे हात धरत होते," इस्त्रीवाली म्हणाली.

"हो."

"आणि तू धरू देत होतीस."

इस्त्रीवाली वाकली, गाडीखालून त्यांच्या घरच्या कपड्यांचं गाठोडं काढलं आणि पुढे ठेवलं. इस्त्री न केलेलं. त्यात नवऱ्याचे खाकी शर्ट होते, नातीची झबली होती. गेली वीस वर्षं हे गाठोडं सोमवारी यायचं आणि बुधवारी जायचं. जाळीवालीने ते उचललं आणि सगळ्या बोळाच्या देखत घरी आणलं. एवढं जड गाठोडं तिने आयुष्यात उचललं नव्हतं.

पत्र छापून आलं. दुपारी पालिकेचा शिपाई कागद घेऊन आला. परवानगीविना लेखन आणि वहीत खोटी नोंद, खुलासा करा. बोळात काही बायकांनी जाळीवालीशी बोलणं टाकलं. एका अनोळखी म्हाताऱ्याने मात्र चौकात कुत्रेवाल्याला थांबवून विचारलं, "माझ्या दारातल्या काळीला खाच आहे, पण यंदाची सुई झाली का हो?" आणि दुसऱ्या दिवशी आणखी चौघांनी तेच विचारलं.

दहाव्या दिवशी तपकिरी कुत्री पिंजऱ्यात शेपूट हलवत उभी होती. डॉक्टरीणबाईंनी तिला नाकापासून शेपटीपर्यंत तपासलं आणि कागदावर सही केली. जाळीवाली ती बातमी द्यायला इस्त्रीच्या गाडीपर्यंत गेली. इस्त्रीवालीने पोरीला जवळ ओढलं, तिच्या केसांत तोंड खुपसलं आणि खांदे हलेपर्यंत रडली. जाळीवालीकडे बघितलं नाही. जाळीवालीला तेवढंही पुष्कळ होतं.

अकराव्या दिवशी सभा. जाळीवालीने खाकी शर्ट रात्रभर गादीखाली दाबून ठेवला होता, तरी सुरकुत्या गेल्या नव्हत्या. तसाच घालून तो गेला. ती सभागृहाच्या दाराशी, चपलांपाशी उभी राहिली.

डॉक्टरीणबाई बोलल्या, दवाखान्याची वही दाखवली. मग अध्यक्षांनी कुत्रेवाल्याला उभं केलं. "तुम्हीच कबूल केलंत की वहीत खोटं लिहिलं. मग कुठे किती कुत्र्यांना लस झाली, कुठे पिल्लं कमी झाली, या तुमच्या वहीवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"

सभागृह हसलं. जाळीवालीने डोळे मिटले.

"ठेवू नका," कुत्रेवाला म्हणाला. "वही बंद करा. उद्या पहाटे उठा आणि आपापल्या वॉर्डातले कान मोजा. किती खाचेचे, किती बिनखाचेचे. मग दवाखान्याची वही घ्या, ती माझी नाही. यंदा कुठल्या वॉर्डात किती जणांना चावलं ते बघा. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि मग जो हुकूम द्याल तो द्या."

हसणं थांबलं. एक नगरसेवक म्हणाला, पहाटे उठायला आम्हाला काही कामधंदे नाहीत का. पण मागून संपादकांनी खाकरून विचारलं, "म्हणजे कोण कोण मोजणार नाही, तेही छापू ना?" आणि सगळेच मोजायला तयार झाले.

दोन पहाटे गावात विलक्षण दृश्य दिसलं. मोठमोठी माणसं हातात पेन्सिली घेऊन कुत्र्यांचे डावे कान बघत हिंडत होती. जाळीवालीने त्यातही एक सुख भोगलं. अध्यक्ष कचऱ्याच्या ढिगापाशी वाकून एका झोपलेल्या कुत्र्याचा कान शोधत होते, आणि कुत्रं कूस बदलून नेमकं डाव्याच अंगावर झोपलं.

कागद शेजारी ठेवले तेव्हा कुणाला भाषण करायची गरज उरली नाही. जिथे दहातल्या सातांहून जास्त कान खाचेचे होते, त्या वॉर्डांत वर्षात एक किंवा दोन चावे. जिथे खाच दिसतच नव्हती, तिथे पानं भरलेली. आणि एकच वॉर्ड असा होता जिथे तीन वर्षं एकही चावा नव्हता आणि गेल्या चार महिन्यांत सहा झाले. तो यांचाच. मारायचा ठराव बाजूला पडला. महिन्यात सगळं गाव टोचायचं, टोचायला दहा माणसं द्यायची, कचरा रोज उचलायचा, असा नवा ठराव झाला. त्याच कागदावर शेवटी एक ओळ होती. खोट्या नोंदीबद्दल कर्मचाऱ्यास लेखी ताकीद, सेवापुस्तकात नोंद करावी. एकोणतीस वर्षांत पहिली.

"लागला डाग," घरी येताना जाळीवाली म्हणाली. "माझ्यामुळे."

"खरा आहे ना? मग असू दे," तो म्हणाला. "ती सात आणायला हवीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आलेल्या नव्या नरांशी चार दिवस भांडतील, मग जागा वाटून घेतील. येतेस खाणीवर? तुझ्या आवाजाला येतील. चार वर्षं शिव्या खाल्ल्यात त्यांनी तुझ्या."

ती गेली. दगडखाणीच्या कडेला उन्हात उभी राहून तिने नेहमीच्याच शिव्या नेहमीच्याच सुरात घातल्या, आणि झुडपांतून एक खाचेचा कान वर आला. तीन दिवसांत पाच मिळाली. बरगड्या दिसत होत्या, एकाचा पाय अधू झाला होता. दोन मिळालीच नाहीत. शेवटच्या दिवशी ती अंधार पडेपर्यंत हाका मारत राहिली. मग नवऱ्याने तिला खांद्याला धरून गाडीत बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी पाचही तपासली, सुया दिल्या. एका सकाळी गाडी बोळात येऊन उभी राहिली. नवरा पिंजऱ्याच्या कडीला हात घालणार, तर ती म्हणाली, "सरका. मी उघडते."

दारं अर्धी उघडी होती, बायका बघत होत्या. तिने कडी काढली. पाचही कुत्री खाली उतरली, भिंती हुंगल्या, नळाचा खांब हुंगला. अधू पायाचं पिवळं कुत्रं लंगडत सरळ इस्त्रीच्या गाडीखाली गेलं, दोनदा गोल फिरलं आणि आपल्या जुन्या जागी पसरलं.

इस्त्रीवालीने इस्त्री थांबवली. वाकून तिने गाडीखाली बराच वेळ बघितलं. मग पोरीला पुढे घेतलं, लांबूनच बोट दाखवलं. "तो कान बघ. डावा. दिसली खाच? ही आपली." पोरीने मान हलवली आणि आईचा पदर घट्ट धरला.

"सात होती ना?" इस्त्रीवालीने विचारलं. पोरीला चावल्याला एकवीस दिवस झाले होते, आणि गाठोडं परत दिल्यापासून जाळीवालीशी तिचं हे पहिलं वाक्य होतं.

"पाचच मिळाली," जाळीवाली म्हणाली.

इस्त्रीवालीने निखारे हलवले, राख फुंकली. मग तिची नजर कुत्रेवाल्याच्या शर्टावर गेली, सुरकुतलेल्या खाकी बाह्यांवर. "आणि असल्या अवतारात गेले होते का हे सभेला?" ती म्हणाली. "लाज आणलीत बोळाची. जा, गाठोडं घेऊन ये."

जाळीवाली घरात धावली. गाठोडं दारामागे तसंच बांधलेलं होतं. तिने ते छातीशी धरलं आणि बाहेर यायच्या आधी तिथेच, दारामागे, पदराने तोंड पुसून घेतलं.